सात समान भाग आणि समांतर रेषा

१० सेंटिमीटर लांबीच्या रेषाखंडाचे सात समान भाग मोजपट्टीने करता येत नाहीत. १० ला ७ ने भागले की १.४२८५७१… असा न संपणारा अपूर्णांक मिळतो आणि पट्टीवर १.४ नंतरची खूण थेट १.५ ची असते. १.४ सेंमीची सात पावले टाकली तर ९.८ सेंमीवर पोहोचतो आणि २ मिलिमीटर शिल्लक राहतात. प्रत्येक पाऊल किंचित वाढवायचे म्हटले, तर या २ मिलिमीटरचेच सात समान भाग करावे लागतात. म्हणजे मूळचा प्रश्न आकाराने लहान होऊन पुन्हा समोर येतो.

निम्मे करणे मात्र अगदी सोपे आहे. युक्लिडने इसवी सन पूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात रचलेल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात ते पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या विधानात येते: दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण उभारायचा आणि त्याच्या शिरोकोनाचा दुभाजक काढायचा. निम्म्याचे पुन्हा निम्मे केले की चार, आठ, सोळा भाग होतात. पण कितीही वेळा निम्मे केले तरी तीन भाग होत नाहीत. पाच नाहीत आणि सातही नाहीत. तिसरा भाग कसा काढायचा हे युक्लिड सांगतो ते थेट सहाव्या पुस्तकात, नवव्या विधानात. मधली चार पुस्तके ओलांडल्याशिवाय वाचकाला हे कळत नाही. कृती इतकी साधी असताना ती एवढ्या लांबणीवर का पडली, हा या रचनेच्या इतिहासातला सर्वांत रंजक प्रश्न आहे.

आधी कृती. रेषाखंड अब १० सेंमीचा आहे. अ या टोकातून अबशी काही कोन करणारा एक किरण काढायचा. त्यावर कंपासने सारख्याच अंतराची सात पावले टाकायची आणि मिळालेल्या बिंदूंना प१, प२, … प७ अशी नावे द्यायची. या पावलाच्या लांबीचा १० सेंमीशी काही संबंध असण्याची गरज नाही. कंपास मध्ये हलला नाही म्हणजे झाले. मग प७ आणि ब जोडायचे. उरलेल्या सहा बिंदूंतून प७बला समांतर रेषा काढायच्या. त्या अबला ज्या बिंदूंत छेदतील ते म१ ते म६ हे विभाजनबिंदू. समांतर रेषा काढायला दोन गुण्यांची जोडी पुरते: एक गुण्या घट्ट धरायचा आणि दुसरा त्याच्या कडेने सरकवायचा.

असे केल्यावर अबचे सात भाग समान का होतात? त्यासाठी पहिले दोन भाग पाहिले तरी पुरेसे आहे. म१मधून किरणाला समांतर अशी एक मदतीची रेषा काढावी. ती प२म२ या रेषेला न या बिंदूत छेदते. आता प१, प२, न, म१ हा समांतरभुज चौकोन झाला, कारण त्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत. समांतरभुज चौकोनाच्या संमुख बाजू समान असतात, म्हणून म१न ही लांबी प१प२ एवढी, म्हणजेच एका पावलाएवढी आहे. अप१ हेही एक पाऊलच. आता अप१म१ आणि म१नम२ हे दोन त्रिकोण शेजारी ठेवून पाहावे. त्यांची अप१ आणि म१न ही बाजूंची जोडी समान आहे. अ आणि म१ येथील कोन समान आहेत, कारण किरण आणि म१न समांतर आहेत व अब ही त्यांची छेदिका आहे. म१ आणि म२ येथील कोनही तसेच समान आहेत, कारण प१म१ आणि प२म२ समांतर आहेत. दोन कोन आणि एक बाजू जुळल्याने त्रिकोण एकरूप ठरतात आणि अम१ = म१म२ मिळते. हाच युक्तिवाद पुढच्या प्रत्येक टप्प्यावर लागू पडतो. शेवटचा टप्पा बवर येऊन संपतो, कारण सातवी रेषा मुळातच बमधून काढली आहे.

या सिद्धतेत गुणोत्तर नाही, समरूपता नाही, एकाही लांबीचे मोजमाप नाही. किरणावरचे पाऊल समान होते आणि समांतर रेषांनी ती समानता जशीच्या तशी अबवर उतरवली, एवढेच घडले. पाऊल केवढे होते हे शेवटच्या उत्तरात कुठेही उरत नाही.

कागदावर मात्र पाऊल केवढे घेतले याला महत्त्व आहे, आणि तेथेच बहुतेकांची आकृती बिघडते. किरण ३० अंशांचा आहे आणि पाऊल ५ मिमीचे घेतले असे समजा. सात पावलांनी ३.५ सेंमी होतात. तेथून ब पर्यंतची रेषा लांबलचक आणि आडवी जाते. ती अबशी केवळ १४ अंशांचा कोन करते. पेन्सिलीची रेघ ०.३ मिमी जाडीची असेल, तर इतक्या तिरप्या छेदाची जागा अबवर जवळजवळ सव्वा मिलिमीटर पसरते. नेमका छेदबिंदू कुठला हे डोळ्यांना ठरवता येत नाही. तोच किरण ठेवून पाऊल १.५ सेंमीचे घेतले की सात पावले १०.५ सेंमीची होतात, समांतर रेषा अबला सुमारे ८० अंशांत छेदतात आणि तो पसारा ०.३ मिमीवर येतो. म्हणून अंदाजाने अपेक्षित भागाच्या जवळपासचे पाऊल घ्यावे. किरणाचा कोन किती असावा याची चर्चा शाळेत जास्त होते, पण आकृतीची अचूकता पावलावर अधिक अवलंबून असते.

चूक झाली तर ती कुठे झाली हेही ओळखता येते. एखादी समांतर रेषा काढताना गुण्या हलला, तर शेजारशेजारचे दोनच भाग बिघडतात: एक मोठा होतो, दुसरा तेवढाच लहान, आणि बाकीचे पाच ठीक असतात. किरणावर एखादे पाऊल लांब पडले, तर त्याच्या समोरचा एक भाग मोठा होतो आणि उरलेले सहाही आपसात समान पण थोडे थोडे लहान निघतात. पडताळा घ्यायचा तर कंपासमध्ये अम१ हे अंतर घेऊन अबवर सात पावले टाकावीत. पहिल्या भागात पाव मिलिमीटरची चूक असेल तर ती सातपट होऊन शेवटी पावणेदोन मिलिमीटर दिसते.

आता युक्लिडकडे. त्याच्या सहाव्या पुस्तकातल्या नवव्या विधानात दिलेल्या रेषाखंडाचा ‘सांगितलेला भाग’ कापून घ्यायचा आहे. तो उदाहरण घेतो तिसऱ्या भागाचे. किरणावर तीन समान पावले, शेवटचे टोक ब शी जोडलेले, आणि पहिल्या बिंदूतून फक्त एक समांतर रेषा. बाकीच्या रेषा तो काढतच नाही, कारण त्याला एकच भाग हवा आहे. तो मिळाला की कंपासने पुढची पावले टाकता येतात. पण सिद्धता तो वरच्यासारखी देत नाही. तो याच पुस्तकातल्या दुसऱ्या विधानाचा आधार घेतो: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. महाराष्ट्रातल्या दहावीच्या विद्यार्थ्यांना हेच विधान ‘प्रमाणाचे मूलभूत प्रमेय’ या नावाने माहीत आहे. किरणावर उरलेला भाग पहिल्या पावलाच्या दुप्पट आहे, म्हणून अबवरही उरलेला भाग पहिल्या भागाच्या दुप्पट असला पाहिजे. अर्थात पहिला भाग एकूण लांबीचा तिसरा हिस्सा.

वरची सिद्धता पहिल्या पुस्तकातल्या साहित्यावर उभी राहते: समांतर रेषांचे कोन, एकरूप त्रिकोण, समांतरभुज चौकोन. हे सारे युक्लिडजवळ पहिल्या पुस्तकाच्या चौतिसाव्या विधानापर्यंत तयार होते. तरी तो थांबला, कारण त्याच्या दृष्टीने समान भाग करणे हा स्वतंत्र प्रश्न नव्हता. सहाव्या पुस्तकातल्या पुढच्याच, दहाव्या विधानात एक रेषाखंड हव्या तशा असमान तुकड्यांत विभागलेला दिला आहे आणि दुसरा रेषाखंड त्याच प्रमाणात विभागायचा आहे. समान भाग ही त्याचीच एक साधी अवस्था. आणि असमान तुकड्यांचा विचार सुरू झाला की प्रमाण म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते.

ग्रीकांना हे ठरवणे जड गेले होते. चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण या दोहोंना पुरेपूर मोजणारे एकही समाईक माप नाही, हे त्यांना कळून चुकले होते. अप आणि पक या दोन तुकड्यांचे प्रमाण ३ : ४ असेल, तर दोन्ही एकाच लहान पावलाने मोजून वरचीच सिद्धता वापरता येते: एका बाजूला तीन समांतर पट्टे, दुसऱ्या बाजूला चार, सगळे समान. पण एक तुकडा चौरसाच्या बाजूएवढा आणि दुसरा त्याच्या कर्णाएवढा असेल, तर समाईक पाऊलच सापडत नाही आणि सिद्धता सुरूच होत नाही. रेषा तर कागदावर समांतर काढता येते. पण तिने दोन्ही बाजू ‘एकाच प्रमाणात’ विभागल्या असे म्हणायला शब्दच उरत नाहीत.

या अडचणीची खूण ॲरिस्टॉटलच्या ‘टॉपिक्स’ या ग्रंथात सापडते. काही गोष्टी सिद्ध करणे अवघड जाते ते केवळ नेमक्या व्याख्येअभावी, असे तो म्हणतो आणि उदाहरण देतो ते हेच: बाजूला समांतर काढलेली रेषा क्षेत्राला आणि त्याच्या बाजूला सारख्याच रीतीने विभागते. त्यासाठी तो जी व्याख्या सांगतो ती आलटून पालटून वजाबाकीची. मोठ्यातून लहान जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा काढायचे, मग जे उरेल ते लहानातून काढायचे, आणि असेच पुढे. दोन जोड्यांची ही वजाबाकीची मालिका तंतोतंत सारखी चालली, तर त्यांचे प्रमाण सारखे. समाईक माप असेल तर मालिका संपते, नसेल तर संपत नाही. पण दोन्ही परिस्थितींत तुलना करता येते. समांतर रेषेच्या बाबतीत ही तुलना लगेच जमते, कारण एका बाजूवर वजाबाकीचे प्रत्येक पाऊल टाकले की समांतर रेषा तेच पाऊल दुसऱ्या बाजूवर उमटवतात.

युक्लिडने मात्र दुसरी व्याख्या निवडली. ती इसवी सन पूर्व चौथ्या शतकात होऊन गेलेल्या निडसच्या युडॉक्ससची मानली जाते आणि पाचव्या पुस्तकाचा पाया आहे. तिचे म्हणणे असे: पहिल्या राशीची कोणतीही पट आणि दुसरीची कोणतीही पट घ्या आणि कोणती मोठी ते पाहा, तिसऱ्या आणि चौथ्या राशीच्या त्याच पटींचा निकाल प्रत्येक वेळी तसाच लागत असेल, तर दोन्ही प्रमाणे समान. यात मोजमाप नाही, अपूर्णांकही नाहीत. केवळ पूर्ण संख्यांच्या पटी आणि लहानमोठेपणाची तुलना. या व्याख्येवर सहाव्या पुस्तकाचे पहिले विधान सहज उभे राहते: सारख्याच उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळे त्यांच्या पायांच्या प्रमाणात असतात. पाया तिप्पट केला की क्षेत्रफळ तिप्पट होते, पाया मोठा असेल तर क्षेत्रफळही मोठे असते. व्याख्येला हवे ते सगळे त्यात आहे.

आणि मग दुसऱ्या विधानाची सिद्धता काही ओळींत होते. त्रिकोणात पायाला समांतर अशी एक रेषा आहे. तिच्यावर, तिच्याखाली, दोन त्रिकोण उभे करावेत: एकाचे टोक पायाच्या डाव्या कोपऱ्यात, दुसऱ्याचे उजव्या कोपऱ्यात. दोघांचा पाया तीच समांतर रेषा आणि दोघांची टोके तिला समांतर अशा एकाच रेषेवर, म्हणून त्यांची क्षेत्रफळे समान. आता वरच्या छोट्या त्रिकोणाशी डाव्याची तुलना केली तर क्षेत्रफळांचे प्रमाण डाव्या बाजूच्या दोन तुकड्यांचे प्रमाण सांगते. उजव्याशी केली तर उजव्या बाजूचे. क्षेत्रफळे समान, म्हणून प्रमाणेही समान. समाईक माप आहे की नाही हा प्रश्न या वाटेवर कुठेच आडवा येत नाही. तिसरा भाग काढण्याच्या कृतीला युक्लिडने एवढा वेळ का लावला, त्याचे उत्तर येथे आहे. त्याला एकच सिद्धता हवी होती, समान तुकड्यांना आणि कर्णाएवढ्या तुकड्यांना सारखीच लागू पडणारी.

या काटकसरीची किंमत मोजावी लागली नाही असे नाही. ग्लासगोचा गणिती रॉबर्ट सिम्सन याने १७५६ मध्ये ‘एलिमेंट्स’ची आपली आवृत्ती काढली तेव्हा नवव्या विधानावर त्याने दोन आक्षेप घेतले. एक, सर्वसाधारण कृती सांगताना केवळ तिसऱ्या भागाचे उदाहरण सिद्ध करणे ही युक्लिडची रीत नाही. दोन, चार राशी प्रमाणात असतील आणि पहिली दुसरीची काही पट असेल, तर तिसरी चौथीची तेवढीच पट असते हे सिद्धतेत गृहीत धरले आहे. पण पाचव्या पुस्तकात ते कुठेही सिद्ध केलेले नाही. दुसरा आक्षेप बोचरा आहे, आणि खराही. प्रमाणाची इतकी काळजीपूर्वक व्याख्या केल्यावर ‘प्रमाण दुप्पट म्हणजे लांबी दुप्पट’ हे एवढेसे पाऊलसुद्धा व्याख्येपासून सिद्ध करावे लागते. पहिल्या पुस्तकातल्या साहित्यावर उभ्या राहणाऱ्या साध्या सिद्धतेला हा काच मुळीच नाही.

ती साधी वाट अरबी भाष्यकारांनी चोखाळली. नवव्या आणि दहाव्या शतकांत होऊन गेलेल्या अन-नैरिझीने ‘एलिमेंट्स’वर अरबीत भाष्य लिहिले, बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचा लॅटिन अनुवाद केल्यावर ते युरोपात पोहोचले. त्याच्या रीतीत किरण एक नाही, दोन आहेत: एक अमधून आणि दुसरा बमधून, परस्परांना समांतर पण विरुद्ध बाजूंना जाणारे. सात भाग हवे असतील तर दोन्ही किरणांवर सारखीच सहा-सहा पावले टाकायची. मग अच्या किरणावरचा पहिला बिंदू बच्या किरणावरच्या सहाव्याशी, दुसरा पाचव्याशी, तिसरा चौथ्याशी, असे जोडत जायचे. प्रत्येक जोडीतल्या क्रमांकांची बेरीज सात. या सहा रेषा आपोआप समांतर होतात, कारण लगतच्या दोन जोडरेषांची टोके दोन्हीकडे एकाच लांबीने आणि एकाच दिशेने सरकलेली असतात, आणि समान व समांतर रेषाखंडांची टोके जोडली की समांतरभुज चौकोनच मिळतो. गुण्या सरकवण्याची गरजच संपली. आधी सांगितलेल्या पद्धतीत सहा वेगवेगळ्या समांतर रेषा हाताने काढाव्या लागतात. येथे दोनच किरण समांतर असले की पुरे, बाकी काम कंपास आणि सरळपट्टीचे.

अरबी परंपरेतूनच युक्लिड संस्कृतात आला. तेराव्या शतकातल्या नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, जयपूरचे सवाई जयसिंह यांच्या आश्रयाने, ‘रेखागणित’ रचले. त्यात पुस्तकांना अध्याय आणि विधानांना क्षेत्र म्हटले आहे. अध्याय पंधरा आहेत. हा ग्रंथ मुंबई संस्कृत मालिकेत १९०१ आणि १९०२ मध्ये दोन भागांत छापला गेला, कमलाशंकर त्रिवेदी यांच्या संपादनाखाली. सहाव्या अध्यायातल्या प्रमाणाच्या विधानांचा क्रम तेथेही युक्लिडचाच आहे.

युरोपात त्याच्या कितीतरी आधीच ही आकृती ग्रंथातून निघून धातूवर कोरली जाऊ लागली. निरीक्षणाच्या उपकरणावर खुणा जितक्या बारीक तितके वाचन चांगले, पण एका मर्यादेपलीकडे खुणा एकमेकींत मिसळतात. चौदाव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये राहणाऱ्या लेवी बेन गेर्शोन याने यावर तिरप्या रेषांचा उपाय सांगितला. त्याचे आजचे रूप नकाशांवरच्या कर्णरेषांच्या पट्टीत दिसते. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीवर समान अंतरांच्या अकरा आडव्या रेषा काढतात, म्हणजे दहा पट्टे होतात. सर्वांत खालच्या रेषेवरच्या शून्यापासून सर्वांत वरच्या रेषेवरच्या १ मिमीच्या खुणेपर्यंत एक तिरपी रेषा जाते, पुढची १ पासून २ पर्यंत, आणि तशाच बाकीच्या. तिरपी रेषा एक पट्टा चढली की समांतर रेषांमुळे ०.१ मिमी सरकते. सहा पट्टे चढली की ०.६ मिमी. म्हणून ७.६ मिमी हवे असतील तर सातपासून निघालेल्या तिरप्या रेषेवर सहा पट्टे चढायचे आणि तेथून शून्याच्या उभ्या रेषेपर्यंतचे अंतर कंपासात घ्यायचे. एक दशांश मिलिमीटरची खूण कुठेही कोरलेली नाही, तरी ती वाचता येते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस टायको ब्राहे याने डेन्मार्कच्या ह्वेन बेटावरच्या वेधशाळेत आपल्या मोठ्या उपकरणांवर हीच युक्ती वापरली. तेथे एक बारीक खोट राहते. पट्टीवर आडव्या रेषा समांतर असतात; वर्तुळपादावर त्यांच्या जागी एककेंद्री चाप असतात, आणि चापांना समांतर रेषांचे प्रमेय काटेकोरपणे लागू पडत नाही. आतला चाप १९० सेंमी त्रिज्येचा आणि बाहेरचा १९५ सेंमीचा आहे असे धरले, तर १० कलांच्या भागात तिरप्या सरळ रेषेच्या मध्याशी पडणारी चूक सुमारे ४ विकला येते. दुर्बिणीपूर्वीच्या काळात उघड्या डोळ्यांनी घेतलेल्या वेधांची खात्री जेमतेम एका कलेच्या आसपास असे, म्हणजे ६० विकला. त्यापुढे ही चूक सोडून देण्याजोगी होती.

गॅलिलिओने त्रिकोणालाच उपकरण बनवले. पादुआत शिकवत असताना, १५९७ च्या सुमारास, त्याने बिजागरीने जोडलेल्या दोन पितळी पट्ट्यांचा एक कंपास सिद्ध केला आणि १६०६ मध्ये त्याच्या वापराची पुस्तिका स्वतःच्या घरी छापून घेतली. पुस्तिकेतली पहिलीच क्रिया म्हणजे दिलेल्या रेषाखंडाचे हवे तितके समान भाग करणे. दोन्ही भुजांवर बिजागरीपासून समान खुणा आहेत. पाच भाग हवे असतील, तर एक दुसरीच्या पाचपट असेल अशा दोन संख्या घ्यायच्या, उदाहरणार्थ १०० आणि २०. दिलेला रेषाखंड साध्या कंपासात घ्यायचा, आणि दोन्ही भुजांवरच्या १०० या खुणांमधले अंतर तेवढेच होईपर्यंत उपकरण उघडायचे. मग उपकरण न हलवता २० आणि २० यांमधले अंतर घ्यायचे. तो पाचवा भाग. बिजागरी हा शिरोबिंदू, १०० च्या खुणा जोडणारी रेषा हा पाया आणि २० च्या खुणा जोडणारी रेषा त्याला समांतर. युक्लिडच्या नवव्या विधानात पाया एकदाच काढायचा असतो. येथे भुजा उघडल्या की हवा तो पाया तयार होतो.

उपकरण इतके उपयोगी ठरले की त्याची चोरीही झाली. बाल्दास्सारे काप्रा याने १६०७ मध्ये त्यावर लॅटिन पुस्तक काढून उपकरण आपलेच असल्याचा आव आणला. गॅलिलिओने पादुआ विद्यापीठाच्या व्यवस्थापकांपुढे तक्रार केली, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि काप्राच्या पुस्तकाच्या प्रती जप्त झाल्या.

१६३७ मध्ये देकार्तने ‘ला जिओमेत्री’च्या आरंभीच ही आकृती वेगळ्या कामाला लावली. ग्रीकांच्या लेखी दोन रेषांचा गुणाकार म्हणजे आयत आणि तिघींचा म्हणजे ठोकळा. चार रेषांच्या गुणाकाराला अर्थच नव्हता. देकार्तने एका लांबीला ‘एक’ मानले. त्रिकोणाच्या एका भुजेवर ही एककाची लांबी आणि भाजक, दुसऱ्या भुजेवर भाज्य. भाज्याचे टोक भाजकाच्या टोकाशी जोडायचे आणि एककाच्या टोकातून त्याला समांतर रेषा काढायची. ती दुसऱ्या भुजेवर जो तुकडा कापते तो भागाकार, आणि तो पुन्हा एक लांबीच असतो. भाजक सात एककांचा घेतला तर ही अब चे सात समान भाग करण्याचीच कृती आहे. पण भाजक चौरसाचा कर्णही असू शकतो, आणि युडॉक्ससच्या व्याख्येमुळे त्यालाही हेच प्रमेय लागू पडते. बीजगणिताची चिन्हे आणि भूमितीच्या रेषा यांचा मेळ बसवायला देकार्तला सुरुवातीला एवढे पुरले.

या सगळ्यांनी समांतर रेषांचे जे गुणधर्म गृहीत धरले ते युक्लिडच्या पाचव्या गृहीतकावर उभे आहेत. संगत कोन समान असणे आणि समांतरभुज चौकोनाच्या संमुख बाजू समान असणे, दोन्ही त्यातूनच येते. १८२९ मध्ये लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ मध्ये बोयाईने ते गृहीतक बाजूला ठेवून सुसंगत भूमिती उभी केली, तेव्हा वरच्या सिद्धतेचा कणाच निघाला. त्या भूमितीत रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला न छेदणाऱ्या अनेक रेषा जातात, समान पावलांच्या समोर समान भाग पडत नाहीत. निम्मे करणे तेथेही जमते, कारण त्या कृतीत समांतर रेषा नाहीत. पण कुठल्याही दिलेल्या रेषाखंडाचे तीन समान भाग केवळ कंपास आणि सरळपट्टीने करणे तेथे शक्य नाही. त्याचे समीकरण घनाचे होते आणि ते सर्वसाधारणपणे वर्गमुळांनी सुटत नाही.

गोलाच्या पृष्ठभागावर स्थिती आणखी उघड आहे. तेथे सरळ रेषेची जागा महावर्तुळ घेते, आणि कोणतीही दोन महावर्तुळे एकमेकांना छेदतातच. समांतर जोडी मुळी नाहीच. महावर्तुळाच्या चापाचे तीन समान भाग करणे म्हणजे त्याच्या केंद्रीय कोनाचे तीन समान भाग करणे. १८३७ मध्ये पिएर वांत्सेल याने सिद्ध केले की कोनाचे त्रिभाजन कंपास आणि सरळपट्टीने सर्वसाधारणपणे होत नाही, आणि ६० अंशांच्या कोनाचे तर होतच नाही. म्हणून गोलावर ६० अंशांच्या चापाचे तीन समान भाग या साधनांनी करता येत नाहीत. सपाट कागदावर तेच काम एक किरण, तीन पावले आणि दोन समांतर रेषा यांत होते.